मदत हवी आहे: फोटोवरून आप्पांचं अर्कचित्र काढतोय, पण ते टिंगल वाटतंय

चोपडेकर_पेन्सिल
मोठे काका, म्हणजे आमचे आप्पा, महिनाअखेरीस एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होतायत. निरोप समारंभात द्यायला ए-४ कागदावर त्यांचं अर्कचित्र काढतोय. पुतण्याने मोबाईलवर हातभर अंतरावरून काढलेला फोटो घेतलाय. नाक मोठं, कान मोठे, मिशा मोठ्या, सगळं वाढवलं. काकूने पाहिलं आणि म्हणाली, "हाऊ कोण शे?" हसली नाही. आप्पांची डावी पापणी थोडी खाली असते आणि पुढचा एक दात बाहेर आहे, तेही आलंय. काय वाढवायचं आणि काय सोडायचं?

भुसावळचा_नाना
सोपं आहे भाऊ. डोकं मोठं आणि धड चिमुकलं काढ, चित्र आपोआप गोड दिसतं. चेहऱ्यावर जे सर्वात मोठं असेल ते दुप्पट कर. शि. द. फडणीसांची चित्रं बघ, कुणाला राग येतो का?

रेघोट्या
नाना, धडाचं बरोबर. पण फडणीसांची माणसं बहुतेक कल्पनेतली असतात, त्यांना कुणासारखं दिसायचं नसतं. इथे काकूने ओळखायला हवं.

चोपडेकर, आधी फोटो बदला. मोबाईल चेहऱ्यापासून ३० सेमीवर असला, तर नाकाचं टोक कानांपेक्षा साधारण १२ सेमी जवळ येतं, म्हणून कानांच्या मानाने ते जवळपास १.४ पट मोठं दिसतं. दोन मीटरवरून हा फरक नावालाच उरतो. तुम्ही आप्पांचं नाक वाढवलंच नाही, कॅमेऱ्याने फुगवलेलं पुन्हा फुगवलंत. दोन मीटर मागे जा, झूम करा, सावलीत उभं करा आणि कुणाशी तरी गप्पा मारताना टिपा. भर उन्हात डोळे बारीक होतात नि कपाळावर आठ्या पडतात. त्या वाढवल्या की माणूस रागीट दिसतो.

मग प्रिंटवर केसांची रेघ, भुवया, नाकाचा तळ आणि हनुवटी अशा चार आडव्या रेघा मारा आणि मधली अंतरं इथे टाका.

चोपडेकर_पेन्सिल
आज ओट्यावर नवा फोटो काढला. नाक खरंच साधं आहे! कपाळ ४.५ सेमी, भुवया ते नाक ५, नाक ते हनुवटी ६.५.

रेघोट्या
सापडलं. बऱ्याच चेहऱ्यांत हे तीन भाग साधारण सारखे असतात. आप्पांचा खालचा भाग लांब आहे, आणि मिशा नेमक्या तिथेच. तो ८ करा, कपाळ ३.५ वर आणा, मधला ४.५. बेरीज १६ च राहते. एक भाग वाढवला की दुसरा कमी करायचा. सगळंच वाढवलं तर काहीच वाढलेलं दिसत नाही आणि ओळखही जाते. नाक-कान फोटोत आहेत तसेच ठेवा.

मिशा मात्र मनसोक्त वाढवा. त्या त्यांनी स्वतः राखल्यात. माणसाने हौसेने जपलेलं वाढवलं तर त्याला सहसा लागत नाही. हातात जुना तिकिटाचा पंच द्या, तोही भलामोठा.

हसू ओठांपेक्षा डोळ्यांत काढा. गाल वर चढतो, खालची पापणी थोडी वर ढकलली जाते आणि कडेला सुरकुत्या उमटतात. नुसते ओठ ताणले तर हसू खोटं दिसतं.

धुळ्याची_माई
आमच्या सासूबाईंचं चित्र एका जत्रेत काढून घेतलं होतं. चित्रकाराने पुढे आलेला दातच एवढा केला की त्या वर्षभर ते चित्र कपाटामागे ठेवून होत्या. दात काढूच नकोस बाळा. बरं, फ्रेम करायला जळगावात स्वस्त कुठे मिळेल?

चोपडेकर_पेन्सिल
माई, फ्रेमचं नंतर बघू. आप्पा स्वतः त्या दातावरून विनोद करतात, "याच्यामुळे शिट्टी चांगली वाजते" म्हणून. मग?

रेघोट्या
मग दात राहू दे, पण फोटोएवढाच, मिशीखालून जरासा. पापणीबद्दल ते कधी बोलतात का?

चोपडेकर_पेन्सिल
नाही. आजारपणात तसं झालं होतं.

रेघोट्या
तर ती वाढवू नका. सरळ करून टाकू नका, नाहीतर आप्पा दिसणार नाहीत. मी चेहरा थोडा वळवून डावी बाजू लांबच्या बाजूला नेली असती.

भुसावळचा_नाना
त्यापेक्षा डावा डोळा मिचकावलेला काढ. पापणीही झाकली जाईल, गंमतही येईल.

रेघोट्या
नाना, आप्पा कधी डोळा मिचकावतात का, हे आधी विचारा. नसतील, तर ते लपवणं झालं, आणि घरच्यांना ते लगेच कळेल.

चोपडेकर_पेन्सिल
मिचकावताना तर मी पाहिलं नाही. पण चेहरा वळवला की उजवा कान पुढे येतो, आणि तो खरंच मोठा आहे. दोन्ही कच्ची चित्रं काढून काकूला दाखवतो.

रेघोट्या
दाखवताना काही सांगू नका. तिच्या तोंडून आधी "आप्पा" निघतंय की "कान", तेवढं ऐका.