जोत्यावरच्या डीपीसीला, म्हणजे ओल अडवणाऱ्या थराला, किती माल, बॅगमागं किती वॉटरप्रूफिंग पावडर?

काळीमाती: दारव्ह्याजवळ गावात घर बांधतोय. जोतं दोन फूट वर आलं. कॉलम-बीम नाही, भार भिंतीवरच. भिंत नऊ इंची, लांबी एकूण १२० फूट, त्यात तीन फुटी चार दारं. जुन्या घरात भिंतींना कमरेपर्यंत लोणा लागला होता. मिस्त्री म्हणतो, इंचभर मसाला मारू अन् वॉटरप्रूफिंगचा एक पुडा टाकून देऊ. चालंल का?

वर्धेकर_भाऊ: प्लिंथ बीम टाका बावा, डीपीसीची झंझटच नाही. आमच्याकडं बीमच आहे, ओल नाही.

साइटवाला: बीम दाबून भरला असंल तर ओल अडते, पोकळ राहिला तर त्यातूनही चढते. काळीमाती, तुम्ही दीड इंच जाड १:२:४ काँक्रीटच टाका, गिट्टी बारीक, अर्ध्या इंचाच्या आतली. दारांत डीपीसी नको. १०८ फूट × पाऊण फूट × दीड इंच म्हणजे साधारण १० घनफूट ओलं काँक्रीट. कोरडा माल दीडपटीहून थोडा जास्त, १५-१६ घनफूट. त्याचा सातवा हिस्सा सिमेंट, म्हणजे पावणेदोन बॅग. दोन आणा. बॅगमागं रेती अडीच अन् गिट्टी पाच घनफूट.

पावडर सिमेंटच्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ५० किलोच्या बॅगला एक किलो. मिस्त्री पुडा पहिल्याच घाणीत रिकामा करतो अन् दुसरी घाणी बिनपावडरीची जाते. अर्धी बॅग फोडली तर अर्धा किलो, तेही कोरड्या सिमेंटमध्ये आधी कालवून. जास्त टाकली म्हणून जास्त अडत नाही, उलट काँक्रीट कमजोर पडू शकतं. द्रव औषध असंल तर माप डब्यावरचंच धरा, हा हिशोब लावू नका.

माहेरची_वाट: आमचा स्लॅब गळतो, त्यात हीच पावडर चालंल का?

साइटवाला: ताई, तो वेगळा विषय, नवा धागा काढा.

काळीमाती: वरून डांबर मारायचं का?

साइटवाला: आठवडाभर पाणी मारा, पूर्ण वाळू द्या, मग गरम डांबराचे दोन हात. ओल्यावर मारलं तर पापुद्र्यासारखं सुटतं. अन् बाहेरचा प्लॅस्टर डीपीसीवरून सलग खाली नेऊ नका, ओल त्यातूनच वर चढते. अंगणाची भरतीही डीपीसीच्या निदान सहा इंच खाली ठेवा.

वर्धेकर_भाऊ: पण काळी माती फुगली, जोतं हललं, तर तुमची दीड इंची पट्टी तडकणारच ना?

साइटवाला: तडकंल. पाया मुरमापर्यंत नेला का, ते त्यांनी सांगितलंच नाही.

काळीमाती: साडेचार फूट खोदलं, खाली मुरूम लागला नाही. उद्या मिस्त्रीला बोलावतो.