मदत हवी आहे: 7 महिन्यांच्या शांततेनंतरचा ईमेल आणि त्यातील दोन दुवे

मी एक मासिक ईमेल-वार्तापत्र चालवतो. गेले 7 महिने माझ्याकडूनच एकही अंक गेला नाही, आणि त्याआधीही वर्षभर ज्यांनी एकाही दुव्यावर क्लिक केले नव्हते, अशा सदस्यांना मला एकदाच विचारणा करायची आहे.

पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘तुम्ही बरेच दिवस दिसला नाहीत’ अशी होती. गप्प मी राहिलो आणि ठपका मात्र वाचकावर ठेवला, हे मलाच खटकले. सुधारित मजकूर असा आहे:

‘7 महिने आम्ही अंक पाठवला नाही, याबद्दल दिलगीर आहोत. यापुढे महिन्याला एकच अंक येईल. हवा असल्यास “सुरू ठेवा”, नको असल्यास “नाव काढा” निवडा. काहीच न निवडल्यास 14 दिवसांनी आम्ही तुमचे नाव यादीतून काढू.’

यातील शेवटचे वाक्य धमकीसारखे वाटते का?

दुसरी अडचण तांत्रिक आहे. काही कार्यालयांची सुरक्षा यंत्रणा ईमेलमधील प्रत्येक दुवा वाचकाआधी स्वतःच उघडून तपासते. चाचणीत एका पत्त्यावरून ईमेल पोहोचताच काही सेकंदांत दोन्ही दुव्यांवर क्लिक नोंदले गेले, म्हणजे तो सदस्य एकाच वेळी राहिलाही आणि गेलाही! त्यामुळे दुवा उघडल्यावर पानावरील बटण दाबले तरच निर्णय नोंदवावा, असा विचार आहे. शिवाय एका क्लिकमध्ये बाहेर पडता यावे म्हणून ईमेलच्या हेडरमध्ये `List-Unsubscribe` सोबत `List-Unsubscribe-Post` ही ओळही जोडणार आहे. मात्र बटणाच्या या जास्तीच्या पायरीमुळे राहू इच्छिणारेही अर्ध्यावर थांबतील का, याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगावा.