पावसाळी संध्याकाळचा रेंडर: नुसता मजकूर, चित्रावरून चित्र की कंट्रोल मॅप?

आराखडा

तळमजला अधिक चार मजल्यांच्या निवासी इमारतीचे स्केचअप मॉडेल आमच्याकडे तयार आहे. दर्शनी बाजू 20 मीटर रुंद आहे, खिडक्यांवर 60 सेंटिमीटरचे छज्जे आहेत आणि बाल्कन्यांना उभ्या सळ्यांचे रेलिंग आहे. बिल्डरला माहितीपत्रकासाठी पावसाळी संध्याकाळचे दृश्य हवे आहे. स्टेबल डिफ्युजन या चित्रे काढणाऱ्या एआय मॉडेलमध्ये नुसत्या प्रॉम्प्टवर, म्हणजे शब्दांतल्या सूचनेवर काम करावे, साध्या रेंडरवरून चित्र बदलून घ्यावे, की इमारतीची रचना बांधून ठेवणारे कंट्रोल मॅप लावावेत?

रंगछटा

माझे मत नुसत्या प्रॉम्प्टच्या बाजूने आहे. ओला डांबरी रस्ता, घरांतून बाहेर पडणारा पिवळसर उजेड, ढगांनी भरलेले आकाश हे सारे शब्दांतून उत्तम उतरते, आणि मॉडेलला मोकळीक दिली की प्रकाश अधिक जिवंत येतो. मजल्यांची संख्या आणि बाल्कन्यांची जागा प्रॉम्प्टमध्ये नेमकेपणाने लिहिली, तर इमारतही बरीचशी तशीच मिळते. कंट्रोल मॅप लावलेली चित्रे मला नेहमीच ताठरलेली वाटतात.

काटकोन

प्रकाशाबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, इमारतीबद्दल नाही. पाच मजले लिहिले तरी चार येतात किंवा सहा येतात, आणि नेमके पाच आले तरी त्या इमारतीचा आराखडाकर्त्यांच्या नकाशाशी काही संबंध नसतो, कारण 20 मीटर किंवा 60 सेंटिमीटर या आकड्यांना प्रॉम्प्टमध्ये मापाचे मूल्यच नसते. रचना ठरण्यापूर्वी वातावरण आणि साहित्य शोधण्यासाठी नुसता मजकूर चांगला. येथे स्केचअप मॉडेल तयार आहे, म्हणजे तो टप्पा मागे पडला आहे. अशा कामाला दोन मॅप पुरतात, एक खोलीचा, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचे अंतर दाखवणारा, आणि एक रेषांचा, पण दोन्ही थेट मॉडेलमधून काढावेत.

खोलीच्या मॅपमध्ये बहुतेकांचे काम कोठे बिघडते ते सांगतो. मॅपमध्ये करड्या रंगाच्या 256 छटा असतात. मागचा डोंगर आणि मोकळे मैदान धरून 300 मीटरपर्यंतचे अंतर त्यांत समप्रमाणात बसवले, तर एका छटेच्या वाट्याला सव्वा मीटरच्या आसपास अंतर येते आणि 60 सेंटिमीटरचा छज्जा भिंतीत विरून जातो. तेच कॅमेऱ्यापासून 15 ते 40 मीटर एवढाच पट्टा घेतला, तर छटेमागे सुमारे 10 सेंटिमीटर येतात आणि छज्ज्याला सहा छटांचा उठाव मिळतो. जवळचे पांढरे आणि दूरचे काळे हवे. अनेक प्रोग्राममधून ते उलटे निघते, आणि मग बाल्कन्या पुढे येण्याऐवजी भिंतीत खोदल्यासारख्या दिसू लागतात.

रेषांचा मॅप पोत लावलेल्या रेंडरवरून कॅनी या कडा शोधणाऱ्या फिल्टरने काढू नये, कारण त्यात विटांचे सांधे आणि सावल्यांच्या कडाही रेषा म्हणून येतात. स्केचअपमधून पोत आणि सावल्या बंद करून नुसत्या रेषा निर्यात कराव्यात आणि रंग उलटे करावेत, कारण हे मॅप वाचणाऱ्या कंट्रोलनेटला काळ्यावर पांढऱ्या रेषा लागतात. रंगछटा यांना जाणवणारा ताठरपणाही खरा आहे. शेवटच्या पाव हिश्श्यात रेषांचे नियंत्रण सोडून दिले, म्हणजे शेवट 0.75 ला ठेवला, तर प्लास्टर आणि ओल नैसर्गिक उतरते.

पागोळी

एवढ्या खटाटोपाची गरज मला पटत नाही. साध्या रेंडरवर फोटोशॉपमध्ये करडे आकाश, रस्त्यावरची चमक आणि खिडक्यांतला पिवळा उजेड ढोबळ ब्रशने भरून घ्यावा आणि मग डिनॉइझिंग, म्हणजे मूळ चित्र किती बदलू द्यायचे ते प्रमाण, 0.35 ठेवून चित्रावरून चित्र करावे. चित्र घडवण्याची 30 पावले ठरवली असतील, तर त्यांतली शेवटची दहाच चालतात; प्रकाशाची मोठी मांडणी आपण हाताने केलेली असते, मॉडेल केवळ पोत चढवते आणि खिडक्या जागच्या जागी राहतात. रंग आधी न भरता साधा करडा रेंडर दिला, तर मात्र 0.35 ला चित्र करडेच राहते, आणि दुपारची संध्याकाळ करण्यासाठी 0.65 पर्यंत गेले, तर शेजारच्या दोन खिडक्यांची एक खिडकी होते. दोष लोक पद्धतीला देतात, पण कमी पडलेली असते ती पूर्वतयारी.

काटकोन

ज्याचा हात रंगात तयार आहे त्याच्यासाठी ही पद्धत खरोखरच चांगली आहे. पण मूळ रेंडरमध्ये उन्हाच्या सावल्या असतील, तर 0.35 ला छज्ज्याखालची तिरकी, धारदार सावली तशीच राहते आणि ढगाळ आकाशाखाली खोटी दिसते. म्हणून सावल्या बंद ठेवूनच रेंडर काढावा. शिवाय बिल्डरने उद्या सकाळचे दृश्य मागितले, तर आपल्याला पुन्हा रंगवावे लागेल, तर मॅप मात्र तेच चालतील. मी दोन्ही जोडतो: रंगवलेला रेंडर, त्यावर दोन मॅप आणि डिनॉइझिंग 0.6 च्या आसपास.

जुना वाडा

आमच्या साताऱ्याच्या वाड्याचा एक फोटो आहे. त्यात मधल्या चौकाचे लाकडी खांब कुजलेले दिसतात. ते सागवानी करून दाखवायचे आहेत. मॉडेल नाही. मीही हे मॅप मॉडेलमधूनच काढायचे का?

पागोळी

आपले काम निराळे आहे. येथे फोटो हाच पुरावा आहे, त्यामुळे फक्त खांबांवर मास्क टाकून तेवढाच भाग बदलावा. फोटोवरून अंदाजाने काढलेला खोलीचा मॅप सोबत दिला, तर खांबांची जाडी टिकायला मदत होते. मास्कच्या बाहेरचे काहीही हलता कामा नये.

साइटवरचा

मी बांधकामावर असतो, त्यामुळे माझी काळजी वेगळी आहे. हे चित्र माहितीपत्रकात जाणार आहे, आणि 2016 च्या रेरा कायद्याचे कलम 12 जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला नुकसानभरपाईचा हक्क देते. चित्रात एक बाल्कनी वाढली किंवा जाळीच्या जागी काच आली, तर उत्तर कोण देणार? कोणतीही पद्धत घ्या, पण तयार चित्रावर मूळ मॉडेलच्या रेषा मल्टिप्लाय या लेयर मोडने ठेवा आणि प्रत्येक दार-खिडकी तपासा. माझ्या मते असल्या वापरासाठी इमारत नेहमीच्याच रेंडर इंजिनातून यावी आणि या साधनांनी केवळ आकाश, रस्ता आणि झाडे करावीत.

आराखडा

दोन्ही मॅप लावून आणि रंगवलेला रेंडर देऊन पाहिले. छज्जे आणि खिडक्या रेषांशी जुळतात. रेलिंग मात्र जुळत नाही. सळ्या वाकतात आणि काही ठिकाणी एकमेकींत मिसळतात. रेषांचे वजन वाढवूनही फरक पडला नाही.

काटकोन

वजनाने ते सुटणार नाही. आपल्या चित्रात इमारत साधारण 800 पिक्सेल रुंद असेल, तर एका मीटरला 40 पिक्सेल मिळतात. सळ्यांमधले अंतर 10 सेंटिमीटर धरले, तर ते चार पिक्सेल झाले. हे मॉडेल आतल्या आत चित्राचे 8 × 8 पिक्सेलचे चौकोन करून काम करते, म्हणजे एकेका चौकोनात दोन-दोन सळ्या कोंबल्या जातात. बाल्कनीचा भाग कापून, चौपट मोठा करून, तेवढ्याच भागाचे मॅप लावून पुन्हा काढावा, किंवा सरळ मूळ रेंडरमधले रेलिंग वर चिकटवावे. मी दुसरा मार्ग घेतो.

साइटवरचा

रेलिंग चिकटवणार असाल, तर भिंतही चिकटवा. माझे म्हणणे तेच होते.

रंगछटा

भिंत चिकटवली, तर ओलसर प्लास्टरवर पडणारा खिडकीतला उजेड हरवतो, आणि या चित्रात मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. रेलिंगपुरते ठीक आहे. पण ओल्या रस्त्यावरच्या प्रतिबिंबाचे काय? दोन्ही मॅपमध्ये रस्ता सपाटच असतो, त्यामुळे प्रतिबिंबातल्या उजळ खिडक्या मॉडेल मनानेच मांडते.

काटकोन

यावर मला अजून समाधानकारक मार्ग सापडलेला नाही. इमारतीचे चित्र उलटे करून रस्त्यावर अंधुक बसवता येते, पण रस्ता उताराचा असेल, तर ते जुळत नाही. आराखडा, आपला रस्ता सपाट आहे का?