रात्रभर 'वॉर्म'वर राहिलेला भात: तुमचे अनुभव सांगा

निशिगंध
काल राइस कुकरचं झाकण उघडलं आणि तो ओळखीचा वास आला, किंचित आंबूस, किंचित करपट. एकदम हॉस्टेलचे दिवस आठवले. आम्हा चौघींत एकच कुकर होता. रात्री भात लावायचा, जेवायचं, उरलेला तसाच 'वॉर्म'वर सोडून झोपायचं आणि सकाळी डब्यात भरायचा. एकदा दोघींना कॉलेजात पोचेपर्यंत उलट्या सुरू झाल्या. उरलेल्या दोघींनी तोच भात खाल्ला होता, त्यांना काहीच नाही! भात सकाळी चांगला गरम होता, त्यामुळे आम्ही सगळा दोष मेसच्या भाजीवर ढकलला. आता वाटतं, भाजी बिचारी निर्दोष असेल. तुम्ही ठेवता का रात्रभर? कधी काही झालंय?

बारक्या
ठेवतो. वर्षानुवर्षं. जिवंत आहे.

सईची आई
आमच्याकडे सासूबाई ठेवू देत नाहीत. पण त्यांचं कारण वेगळंच आहे, रात्रभर लाइट जळतो म्हणून 😄

अवखळ
मला एक विचारायचंय, वॉर्मवर तळाला पापडी धरते ती कशी काढायची? भांड्याचं कोटिंग जातंय.

निशिगंध
@अवखळ अगं पाणी घालून ठेव तासभर, सुटते. पण धागा पोटाचा आहे, भांड्याचा नाही!

कढईवाले काका
मी कँटीनचं स्वयंपाकघर सांभाळलंय, तिथे भात तासन् तास गरम ठेवावाच लागतो, म्हणून लिहितो. वॉर्मवर भात ठेवणं मुळात चुकीचं नाही. प्रश्न एवढाच, की भात *सगळीकडे* ६० अंशांच्या वर राहतोय का. बहुतेक कुकर ६० ते ७५च्या दरम्यान धरतात. तेवढ्या उष्णतेत जंतू वाढत नाहीत.
पण भाताची एक खोड आहे. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, बॅसिलस सीरियस म्हणतात त्याला. भात उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत. उलट बाकीचे जंतू मेल्यामुळे त्यांना रान मोकळं मिळतं. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि काही जातींचे जंतू भातातच विष सोडतात. म्हणून ताजा शिजवलेला भातसुद्धा तासन् तास कोमट राहू द्यायचा नाही.

रघू_७
काका, पण सकाळी परत दणकून गरम केला की मरतातच ना? आम्ही वाफ काढतो चांगली.

कढईवाले काका
रघू, निम्मं बरोबर. जंतू मरतील. विष नाही मरत. उलटी करवणारं ते विष उकळीला दाद देत नाही, प्रेशर कुकरच्या उष्णतेलासुद्धा नाही. म्हणून 'गरम आहे म्हणजे चांगला आहे' हा हिशेब भाताला लागू पडत नाही.

रघू_७
अरे बापरे. आजवर उगाच गॅस जाळला म्हणायचा.

बारक्या
काका घाबरवू नका, मी जेवायला बसलोय.

शाल्मली
निशिगंध, तुमच्याकडे त्या रात्री लाइट गेली होती का? आमच्याकडे असंच झालं होतं म्हणून विचारते. साधा खटक्याचा कुकर आहे. रात्री एकच्या सुमारास लाइट गेली आणि पहाटे कधीतरी आली. सकाळी वॉर्मचा दिवा पेटलेला, भात गरम. ओव्हनचं घड्याळ लुकलुकत होतं म्हणून तरी कळलं.

कढईवाले काका
शाल्मलीताई, अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत. हा प्रकार नीट बघू. दहाला भात झाला, खटका वर उडाला, वॉर्म चालू. एकपर्यंत भात समजा ६८ अंशांवर आहे, म्हणजे ठीक. मग लाइट गेली. बंद झाकणात भात सावकाश निवतो. भांडं गच्च भरलेलं असेल तर फार सावकाश, आणि तळाशी चार मुठी असेल तर भराभर. एकदा पन्नाशीच्या खाली आला की त्या जंतूला मानवणारा पट्टा सुरू, आणि तीस-चाळीस अंशांना तर त्याची चंगळच. समजा पाचला लाइट आली. वॉर्मचं हीटर छोटं, ते तुमचा भात झटकन तापवत नाही, त्याच पट्ट्यातून रांगत वर नेतं. सातला तुम्ही झाकण उघडता तेव्हा वाफ आहे, दिवा आहे, वासही नेहमीचा. हे विष वासाला, चवीला कळत नाही. असा भात मी टाकून देतो. जिवावर येतं, पण टाकतो.

निशिगंध
लाइट गेली होती की नाही ते आठवत नाही. पण भात नेहमी तळाशी थोडासाच उरायचा. आणि डाव आतच ठेवायचो, झाकण नीट बसायचंच नाही 🙈

कढईवाले काका
मग लाइट जायचीही गरज नव्हती. झाकण फटीवर असेल तर कड आणि वरचा थर आधी निवतो. आणि थोडा भात पटकन निवतोही, वाळतोही. तुमच्यातल्या दोघींनी कुठला थर वाढून घेतला देव जाणे.

सईची आई
पण लक्षणं इतक्या लवकर? सकाळी खाल्लं आणि दुपारच्या आत उलट्या?

कढईवाले काका
विष आधीच तयार असतं ना, म्हणून. अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही. जुलाबवाला प्रकार वेगळा, त्याला आणखी वेळ लागतो. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, पण लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नका.

तांबडं_फुटलं
मी मांसाचा टोचायचा थर्मामीटर खुपसून बघितला काल रात्री (धागा वाचून झोप लागेना). तळाशी ७१, मधोमध ६६, झाकणाजवळच्या कडेला ५७! भात तळाशी थोडाच होता. खाली-वर हलवून सारखा केला, झाकण दाबलं, अर्ध्या तासाने कड ६२. म्हणजे दिव्यावर विश्वास ठेवू नका, कडेला टोचून बघा.

बारक्या
रात्री भाताला ताप आलाय का बघणारा माणूस पहिल्यांदाच भेटला 🤣

अवखळ
थर्मामीटर बरोबर दाखवतोय हे कसं कळणार?

तांबडं_फुटलं
उकळत्या पाण्यात धर, शंभरच्या आसपास दाखवायला हवा. उंच डोंगरावर राहत असशील तर जरा कमी.

रघू_७
आमच्या कुकरच्या पुस्तकात लिहिलंय, बारा तासांच्या वर वॉर्मवर ठेवू नका. त्यानंतर विष होतं वाटतं?

कढईवाले काका
तसं नाही. साठीच्या वर असेल तर तेराव्या तासाला काही जादू होत नाही. भात पिवळा पडतो, कोरडा होतो, वास येतो, म्हणून ती मर्यादा असते, असं माझं मत. पण पुस्तकात भाज्या-मटण घातलेला भात आणि फ्रिजमधला थंड भात वॉर्मवर ठेवू नका असं असेल, तर ते मात्र पाळा. थंड भात वॉर्मवर टाकणं म्हणजे लाइट जाऊन येण्यासारखंच.

शाल्मली
काका, मला हे पटत नाही. घरी छोटं बाळ आहे, मी बारा तासांच्या आत उरलेला काढतेच. ताटात पसरून निववते आणि फ्रिजमध्ये. मत वगैरे ठीक, पण बाळावर प्रयोग नको.

कढईवाले काका
ते उत्तमच. माझ्याही घरी बाळ असतं तर तेच केलं असतं. फक्त निववायला रात्रभर ओट्यावर ठेवू नका, तासाभरात आत गेला पाहिजे.

सईची आई
सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. म्हणाल्या, "मी काय सांगत होते?" लाइटबिलाचा विषय सोयीस्करपणे विसरल्या 🙄

अवखळ
पापडी सुटली. कोटिंगही सुटलं. नवं आतलं भांडं वेगळं मिळतं का कुणाला माहितेय?