मदत हवी आहे: गेस्टहाऊसच्या कर्जाचा तिमाही हप्ता किती बसेल, आणि पावसाळ्यातला भरायचा कुठून?

मांद्रेकरीण

नमस्कार. मांद्र्याला आमचं सहा खोल्यांचं गेस्टहाऊस आहे. छप्पर आणि न्हाणीघरं नव्याने करायची म्हणून 8 लाखांचं कर्ज घेतोय. व्याज 12 टक्के, मुदत 3 वर्षं, पैसे 1 ऑक्टोबरला मिळतील. बँकेने दरमहा हप्ता 26,571 रुपये सांगितला.

अडचण अशी, की डिसेंबरात सगळा खर्च जाऊन 95 हजार सुटतात आणि जुलैत 5 हजार सुटले तरी खूप. म्हणून मी तिमाही हप्ता मागितला. मॅनेजर "बघू" म्हणाले. तिमाहीचा आकडा कसा काढतात? आमची शिल्लक साधारण अशी: ऑक्टोबर ते डिसेंबर 1 लाख 70 हजार, जानेवारी ते मार्च 1 लाख 90 हजार, एप्रिल ते जून 95 हजार, जुलै ते सप्टेंबर 25 हजार. घर यजमानांच्या पगारावर चालतं, पण चवथीचा खर्च याच पैशांतून होतो.

फोंडेकर

सोपं आहे. 26,571 गुणिले 3, म्हणजे 79,713. तेवढेच तीन महिन्यांनी भरायचे.

हिशेबनीस

तिमाही हप्ते वर्षातून चारदा असतात: 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत असाल तर सगळा कर एकदम 15 मार्चपर्यंत भरला तरी चालतो. तुम्ही कोणत्या योजनेत आहात?

मांद्रेकरीण

हिशेबनीस, तो आगाऊ कराचा विषय झाला. मी कर्जाच्या हप्त्याचं विचारतेय.

खातेवही

मी बँकेत कर्ज विभागात होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

फोंडेकर जवळ पोचले आहेत, पण थोडे कमी पडले. दरमहा भरताना पहिल्या महिन्यातच थोडं मुद्दल फिटतं आणि पुढचं व्याज उरलेल्या रकमेवर लागतं. तीन महिने थांबलात तर तेवढे दिवस मुद्दल अंगावर राहतं, त्यामुळे हप्ता तिपटीपेक्षा थोडा जास्त बसतो. वर्षाचे 12 टक्के म्हणजे तिमाहीला 3 टक्के, आणि 3 वर्षांत 12 हप्ते. स्प्रेडशीटमध्ये हे लिहा:

```
=PMT(12%/4,12,-800000)
```

उत्तर 80,370 येतं. व्याजाची भागणी आणि हप्त्यांची संख्या एकाच मापाची हवी. 4 ने भागून पुढे 36 लिहिलंत तर हप्ता जवळपास निम्मा दिसेल आणि तुम्ही खूश व्हाल, पण ते 9 वर्षांचं कर्ज असेल.

यात एक मेख आहे. 2002 च्या एप्रिलपासून बँका बहुतेक कर्जांवर व्याज दरमहा खात्याला लावतात. ते मुद्दलात मिसळून तीन महिन्यांनी तुम्ही हप्ता भरणार असाल तर तिमाहीचा खरा दर 3.03 टक्के पडतो आणि हप्ता 80,514 होतो. फरक दीडशे रुपयांचाच आहे. तरी बँकेचा आकडा 80,514 आला तर चूक समजून भांडू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. जुलै ते सप्टेंबर 25 हजार सुटतात आणि सप्टेंबरअखेर 80,370 भरायचे आहेत. म्हणजे 55 हजारांचं भोक आहे, चवथ वेगळी. नुसतं तिमाही करून ते बुजत नाही.

रापणकार

तारखा सरकवून घ्या ना. हप्ते जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरअखेर ठेवा. मग मे एका तिमाहीत येतो आणि ऑक्टोबर दुसरीत, एकही तिमाही पूर्ण कोरडी जात नाही. आमच्या ट्रॉलरला 1 जून ते 31 जुलै बंदी असते. मी तर सोसायटीकडून रोजची पिग्मी लावून घेतली आहे. एजंट जेटीवर येतो आणि त्यातूनच हप्ता वळता होतो. डिझेल मात्र हल्ली इतकं महागलंय की

(संपादन: अर्धंच पोस्ट झालं, असू दे.)

मांद्रेकरीण

तारखा सरकवायची कल्पना आवडली. तसं मांडलं तर मे ते जुलै 60 हजार येतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर 50 हजार.

खातेवही

कल्पना चांगली आहे, पण बेरीज करून बघा. एकीकडे 20 हजार कमी पडतात आणि दुसरीकडे 30 हजार. मिळून 50 हजार. आधी 55 होते. भोक दोन जागी वाटलं गेलं, बुजलं नाही. एका वेळी कमी रक्कम उभी करावी लागते, एवढाच फायदा.

मी तुमच्या जागी असतो तर सप्टेंबरचा हप्ताच नको म्हणून मागितला असता. वर्षाला तीन हप्ते, डिसेंबर, मार्च आणि जूनअखेर. तीन वर्षांत नऊ. व्याज तिमाहीने धरलं तर प्रत्येक हप्ता 1,05,614 चा बसतो, दरमहाने धरलं तर किंचित जास्त. डिसेंबर आणि मार्चला तो सहज निघतो. जूनला सुमारे 10 हजार कमी पडतात, तेवढे मार्चच्या शिल्लकीतून बाजूला ठेवायचे. पहिल्या जूनअखेर 5,47,739 बाकी राहते, सप्टेंबरपर्यंत त्यावर 16,432 व्याज चढून ती 5,64,171 होते. बाकी वाढलेली बघून घाबरू नका, तक्त्यात ती धरलेलीच आहे.

एकूण व्याजही कमी जातं: बारा हप्त्यांत 1,64,436 आणि या नऊंत सुमारे दीड लाख, कारण पैसे हंगामात लवकर परत जातात.

पण हे तोंडी चालत नाही. मंजुरीपत्रातल्या परतफेडीच्या तक्त्यात सप्टेंबर कोरा दिसला पाहिजे. नाहीतर तुमच्या समजुतीने सवलत आणि बँकेच्या संगणकावर थकबाकी. 90 दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं अनुत्पादक होतं, आणि त्याआधीही थकबाकीची नोंद पतअहवालात जाते.

फोंडेकर

मग दरमहाच ठेवा आणि हंगामात जास्तीचे भरत जा, पावसात भरायला नको.

खातेवही

तसं आपोआप होत नाही. जास्तीचे पैसे बहुतेक ठिकाणी मुद्दलात जमा होतात आणि पुढच्या महिन्याचा हप्ता तसाच उभा राहतो. पुढचे हप्ते आगाऊ धरणार का, हे आधी लेखी विचारावं लागतं.

मांद्रेकरीण

आज पत्राचा मसुदा मिळाला. त्यात लिहिलंय, "मुद्दल 12 समान तिमाही हप्त्यांत, व्याज आकारले जाईल तेव्हा दरमहा." म्हणजे 80,370 नाहीच का?

खातेवही

नाही. ही वेगळी पद्धत आहे, व्यवसायाच्या कर्जाला बँका ती बऱ्याचदा लावतात. दर तिमाहीला 66,667 मुद्दल आणि त्याशिवाय दर महिन्याला व्याज. पहिल्या महिन्यांत ते 8 हजारांच्या आसपास असेल, म्हणजे पहिली तिमाही 90,667 ची पडेल. पुढे घटत जाईल. पहिल्या पावसाळ्यात 6 लाख बाकी असेल, तेव्हा दरमहा 6 हजार व्याज आणि सप्टेंबरअखेर वर 66,667. जुलैत तुमचे 5 हजार सुटतात, म्हणजे व्याजसुद्धा पुरं पडत नाही.

सही करण्याआधी दोन गोष्टी मागा: सप्टेंबरचं मुद्दल इतर तीन हप्त्यांत वाटून द्या, आणि जुलै ते सप्टेंबरचं व्याज डिसेंबरच्या हप्त्यात घ्या. पहिली गोष्ट मिळण्याची शक्यता जास्त. सोबत दोन वर्षांचं खात्याचं स्टेटमेंट द्या, त्यात पावसाळा आपोआप दिसतो.

मांद्रेकरीण

मॅनेजर म्हणतात, मुद्दलाचं शाखेत होईल, पण व्याज पुढे ढकलायला वरच्या कार्यालयाची मंजुरी लागेल आणि तिला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. सुतार मात्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात यायचा आहे. वरून असं व्याज मंजूर करून घेतलेलं कोणी आहे का इथे?

रापणकार

आमच्या सोसायटीत झालं होतं एकाचं. पण ती सोसायटी, बँक नव्हे.