क्रिकेट धर्म आहे म्हणे!

राजवाडा_रात्री: मॅच जिंकल्यावर राजवाड्यावर अर्धं इंदूर नाचत होतं. देव आहे, आरती आहे, भक्त आहेत. क्रिकेट धर्म नाही म्हणणाऱ्यांनो, आणखी काय हवं?

जुना_इंदुरी: ढोल आणि गर्दीनं धर्म होत असेल तर आमच्याकडची प्रत्येक वरात धर्मच. 1912 मध्ये समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमलाही असा सामूहिक उन्माद महत्त्वाचा वाटला होता, पण त्याची कसोटी वेगळी: वस्तू बाजूला काढून ठेवतात का, तिला मनाई-बंधनं आहेत का, आणि त्यातून माणसं एका समाजात बांधली जातात का. घरीच बघा. निळी जर्सी विटली की तिचं काय होतं? आमच्या घरी पोछा झाला. तिरंगा फाटला तर ध्वजसंहिता म्हणते, खासगीत, पूर्णपणे नष्ट करा, शक्यतो जाळून. तोच चौकात जाळा, 1971 च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद. आग तीच! खंडित मूर्तीचं आपण असंच करतो, गाजावाजा न करता विसर्जन. झेंडा कसोटीत बसतो, क्रिकेट नाही.

सदाशिव_पेठी: पोछा?? मराठीत फडकं म्हणतात, काका.

जुना_इंदुरी: चार पिढ्या इथे गेल्या. पोछाच म्हणणार.

मालवी_मिरची: पुण्याहून आलेल्यांनी आधी पोहे-जलेबी पचवा, मग भाषा शिकवा!

तर्कट: मुद्द्यावर या. मानववंशशास्त्रज्ञ टायलरनं 1871 मध्येच सांगितलंय, अलौकिक शक्तीवर विश्वास असेल तरच धर्म. झेंड्यात कुठला देव? विषय संपला.

जुना_इंदुरी: संपला कसा? मग देव बाजूला ठेवणाऱ्या बौद्धांचं काय करता? आणि केरळातली ती तीन भावंडं आठवा. जेहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातली. राष्ट्रगीताला उभी राहायची, पण गायची नाहीत, म्हणून 1985 मध्ये शाळेतून काढली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं: उभं राहिलात, आदर झाला. शाळेच्या लेखी तो साधा शिष्टाचार, मुलांच्या लेखी गाणं म्हणजे पूजा. व्याख्या कोणाची धरायची?

तर्कट: मुलांना वाटलं म्हणून ती पूजा ठरत नाही. पण... बौद्धांचं उत्तर माझ्याकडे नाही, घ्या, खूश व्हा.

स्नेहलता_मावशी: मला एवढं कळत नाही. 8 डिसेंबर 2011 ला होळकर स्टेडियमवर सेहवागनं 219 केले, त्या दिवसाचं तिकीट आमच्या बाबांनी देव्हाऱ्यात ठेवलंय. सोवळ्याशिवाय हात लावू देत नाहीत. मी एकदा पुसायला उचललं तर दोन दिवस अबोला!

राजवाडा_रात्री: बोला आता, काका! बाजूला ठेवलंय, मनाईही आहे!

जुना_इंदुरी: बरं, मनाईपुरतं मान्य. पण ती एका घराची. त्या तिकिटाला हात लागला म्हणून गल्ली चिडली का? झेंड्यावरून चिडते. तरी मावशींच्या बाबांपुढे मी वाद घालणार नाही.

सदाशिव_पेठी: मावशी, तिकीट पुसलं कशानं?

स्नेहलता_मावशी: पोछ्यानं.