तिरामिसूसाठी पाश्चराइज्ड अंडी: नाशकात कोणती परवडतील?

गंगापूररोडकर: घरून तिरामिसू विकते. दर शनिवारी 12 कच्चे बलक लागतात. साल्मोनेलाचा धोका नको. कवचासकट पाश्चराइज्ड अंडी घ्यावीत की लिक्विड बलकाचं पाकीट? बजेट 2,000 रुपये.

सिडको_बेकर: ताई, अंडी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. जंतू कवचावरच असतात.

होरेका_नाना: कवचावर असतात हे खरं, पण साल्मोनेला एन्टेरिटिडिस कोंबडीच्या अंडाशयातूनच अंड्याच्या आत येऊ शकतो. मिनिटभरात कवचालगतचं पांढरं गोठतं आणि बलक थंडच राहतो. कवचासकट पाश्चराइज करायचं तर साधारण 57 अंशांच्या फिरत्या पाण्यात तास-सव्वातास ठेवावं लागतं, कारण उष्णता बलकाच्या मध्यापर्यंत सावकाश पोचते. पांढरं 60-61 ला घट्ट व्हायला लागतं, म्हणून तीन-चार अंशांचीच फट मिळते.

द्वारका_केक्स: मी सू-व्हीद मशीन घेतलं, 12,000 ला. झकास. तुम्हीही घ्याच.

गंगापूररोडकर: दादा, बजेट 2,000 आहे.

द्वारका_केक्स: एकदाच खर्च होतो हो. फक्त तडा गेलेलं अंडं टाकू नका, पाण्यात फुटतं. पांढरं जरा दुधाळ होतं आणि मरँगसाठी फेटायला जास्त वेळ लागतो. चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर घाला.

सातपूर_शाकाहारी: एगलेस करा, नाशकात तेच जास्त खपतं.

होरेका_नाना: प्रश्न अंड्यांचा आहे. लिक्विडमध्ये अंडी फोडून, गाळून पातळ थरात प्लेटांमधून नेतात, त्यामुळे अख्खं अंडं 60 अंशांना साडेतीन मिनिटांत होतं. नुसतं पांढरं तेवढं सोसत नाही, ते 57 च्या आसपास ठेवतात. पण ताई, एका बलकाचे 17 ग्रॅम धरले तर 12 चे 200 ग्रॅमच होतात. किलोचं पाकीट फोडलं की फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच टिकतं, म्हणजे 800 ग्रॅम वाया. रोज मेयो करणाऱ्या कॅफेला ते परवडतं.

सिडको_बेकर: उरलेलं फ्रीझ करा ना.

होरेका_नाना: साधा बलक गोठवला की डिंकासारखा घट्ट होतो, वितळूनही मोकळा होत नाही. गोठवायचाच तर आधी दहा टक्के साखर मिसळावी. मेयोसाठी साखरेऐवजी मीठ.

द्वारका_केक्स: म्हणूनच म्हणतो, मशीन घ्या.

गंगापूररोडकर: सगळ्यांचे आभार, पण दोन्ही घेत नाही. बलक आणि साखर डबल बॉयलरवर सतत ढवळत 71 अंशांपर्यंत नेणार, भांडं लगेच गार पाण्यात ठेवणार आणि पूर्ण निवल्यावरच मस्कारपोने मिसळणार. त्यासाठी प्रोब थर्मामीटर पुरेल. उरलेल्या 12 पांढऱ्यांचं काय करू?

होरेका_नाना: पांढरं कच्चंच आहे, मूसमध्ये घालू नका. मॅकरॉन भाजा, नाहीतर झाकणाच्या डब्यात गोठवा. पांढरं गोठवून बिघडत नाही.

सातपूर_शाकाहारी: एगलेसमध्ये हा प्रश्नच येत नाही.